खेचरावर चढवलेलं पाणी आणि चौकीवर उतरलेलं पाणी

नोव्हेंबरचा शेवट होता. लडाखमध्ये आमची पलटण होती आणि मी टूआयसी, म्हणजे पलटणीचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. टूआयसीच्या टेबलावर युद्ध कमी आणि हिशेब जास्त असतात. रॉकेल, बूट, टिनचा दुरुस्ती खर्च, मेसचं बिल. त्या सकाळी सुभेदार साहेब आले आणि सलाम ठोकून म्हणाले, "साहेब, हिशेबाचं काम नाही. एक पोरगा दोन दिवस जेवला नाहीये."

पोरगा आजऱ्याकडचा. वडिलांचं कोल्हापूरला हृदयाचं ऑपरेशन होतं. तो ज्या चौकीवर होता तिथे जनरेटर संध्याकाळी तीन तास चालायचा, आणि त्या आठवड्यात तो नेमका नादुरुस्त झाला. पण पोरगा निश्चिंत होता. वर येताना त्याने बाजारातून पॉवर बँक घेतली होती, तीस हजार एमएएचची. त्याच्या फोनची बॅटरी पाच हजारांची. तीस भागिले पाच, सहा. सहा वेळा फोन भरणार. म्हणून त्याने दिलदारपणे शेजारच्या बंकवरच्या दोघांना थोडं थोडं चार्जिंग दिलं. ऑपरेशनच्या रात्री त्याने स्वतःचा फोन लावला. आकडा बत्तीस टक्क्यांपर्यंत चढला आणि पॉवर बँकेचे चारही दिवे विझले. घरच्यांशी बोलणं सुरू असतानाच थंडीने फोनही बंद पडला. बाप शुद्धीवर आला, सगळं ठीक आहे, हे त्याला चौदा तासांनी खालून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं.

वडील बरे झाले. पण पोराला एक गोष्ट सलत होती. तो मला म्हणाला, "साहेब, माझी चूक झाली. त्या दोघांना द्यायलाच नको होतं."

ते वाक्य मला लागलं. त्याने दिलं यात काहीच चूक नव्हती. तो छापलेल्या आकड्यावर विसंबून उदार झाला होता, आणि आकडाच खोटा होता.

मग आम्ही ठरवलं की रेजिमेंटल फंडातून प्रत्येक चौकीला चांगल्या पॉवर बँका द्यायच्या. क्वार्टरमास्टरने लेहच्या बाजारातून तीन नमुने आणले. पहिली तीच, तीस हजारांची, ८९९ रुपयांना. दुसरी वीस हजारांची, १,७९९ रुपयांना. तिसरी दहा हजारांची, १,०९९ रुपयांना. क्वार्टरमास्टरने कागदावर भागाकारही करून आणला होता. हजार एमएएचला पहिली तीस रुपये, दुसरी नव्वद, तिसरी एकशे दहा. "साहेब, पोराचा पीस खराब निघाला असेल. बाकी हिशेबाने पहिलीच घ्यावी, तिप्पट स्वस्त आहे."

हिशेब बरोबर होता. मोजायची वस्तू चुकली होती.

खडकवासल्याला कॅडेट असताना रसदीचा एक साधा धडा मिळाला होता, तो पुढे प्रत्येक डोंगरी पोस्टिंगला उपयोगी पडला. चौकीला किती पाणी गेलं हे विचारलं, तर खेचरावर किती चढवलं ते सांगायचं नाही, वर किती उतरलं ते सांगायचं. वाटेत हिंदकळतं, कॅनचं झाकण ढिलं असतं, खेचरवाला स्वतः पितो. माणसाच्या मगात पडतं तेवढंच पाणी. पॉवर बँकेवर ठळक छापलेला आकडा हा चढवलेल्या पाण्याचा असतो, तोही प्रामाणिक कंपनीचा असेल तर.

आता हे जरा सावकाश सांगतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो आहे.

पॉवर बँकेच्या आत लिथियमचे सेल असतात. त्यांचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट. छापलेले एमएएच या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. पण बाहेर यूएसबीच्या भोकातून आपल्याला मिळतात ५ व्होल्ट. म्हणजे आतलं सर्किट ३.७ चे ५ करतं, आणि दाब वाढवला की प्रवाहाचं प्रमाण कमी होणारच. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं तर पंप चालवावा लागतो, तसंच हे. म्हणून वेगवेगळ्या दाबांचे एमएएच एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. दाब आणि एमएएच यांचा गुणाकार केला की खरी ऊर्जा निघते, ती वॅट-तासांत. एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. वीस हजारांच्या बँकेत ७४ वॅट-तास, दहा हजारांच्या बँकेत ३७.

हे चढवलेलं पाणी. आता सांडणारं. दाब वाढवणारं सर्किट फुकट काम करत नाही. पॉवर बँक चालू असताना हाताला कोमट लागते, ती ऊब म्हणजे तुमच्या पैशांची वीज. चांगल्या सर्किटमध्ये ही गळती दहा ते पंधरा टक्के असते, साध्यामध्ये जास्त. म्हणजे वीस हजारांच्या चांगल्या बँकेतून ७४ ऐवजी ६३-६४ वॅट-तास बाहेर येतात. ५ व्होल्टच्या भाषेत हे झाले साधारण बारा-तेरा हजार एमएएच. यात कुणी फसवलेलं नाही, हा पदार्थविज्ञानाचा कर आहे. प्रामाणिक कंपन्या तो डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहितातही. 'रेटेड कपॅसिटी' असा शब्द असतो आणि पुढे १२,००० वगैरे आकडा, सोबत कंसात ५ व्होल्ट आणि किती अँपिअरवर मोजलं ते. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यावर हा आकडा होता, बाराशे नव्हे, पूर्ण बारा हजार आणि सहा हजार. पहिल्या नमुन्यावर तो नव्हताच. समोर 'तीस हजार' सोन्याच्या अक्षरांत, मागे काहीच नाही.

लेबलावर विश्वास ठेवून एकदा पोळलो होतो, म्हणून मोजायचं ठरवलं. आमच्या सिग्नलच्या हवालदाराकडे यूएसबी मीटर होता. काडेपेटीएवढी वस्तू, पाचेकशे रुपयांना मिळते. एका बाजूने पॉवर बँकेत खुपसायची, दुसऱ्या बाजूला भार जोडायचा. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर आणि आतापर्यंत किती Wh गेले ते दिसतं, आणि बँक संपून सगळं विझलं तरी शेवटचा आकडा त्याच्या लक्षात राहतो. भार म्हणून फोन लावायचा नाही, कारण फोन भरत आला की कमी कमी वीज ओढतो आणि हिशेब बिघडतो. हवालदाराने रेझिस्टरची एक छोटी पट्टी लावली, ती सतत एक अँपिअर खात राहते. पट्टी चांगलीच तापते, म्हणून ती पत्र्याच्या ताटलीत ठेवली.

तिन्ही बँका आदल्या रात्री पूर्ण भरल्या. बुखारीच्या खोलीत, म्हणजे साधारण पुण्याच्या डिसेंबरइतक्या थंडीत, एकामागून एक लावल्या. दुसरी बँक जवळजवळ तेरा तास चालली आणि ६४.२ वॅट-तास देऊन थांबली. तिसरी सव्वासहा तास, ३१.५ वॅट-तास. दोघींनी आपल्या बारीक अक्षरांतला शब्द पाळला, थोडं वरच दिलं.

पहिली पाच तासांच्या आतच विझली. मीटरवर आकडा होता २४.१.

क्वार्टरमास्टर म्हणाला, "साहेब, नीट भरली नसेल." पुन्हा भरली, पुन्हा मोजली. तेच. मग तिचा नवा पीस आणून मोजला. त्यातही तेच, अर्ध्या वॅट-तासाचा फरक. पोराचा पीस खराब नव्हता. माल असाच होता.

आता क्वार्टरमास्टरचाच भागाकार पुन्हा केला, फक्त खाली उतरलेलं पाणी घेतलं. ८९९ भागिले २४.१, म्हणजे वॅट-तासाला ३७ रुपये. १,७९९ भागिले ६४.२, म्हणजे २८ रुपये. १,०९९ भागिले ३१.५, म्हणजे ३५ रुपये. जी तिप्पट स्वस्त दिसत होती ती तिघींत सगळ्यात महाग निघाली. क्वार्टरमास्टर कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे माझ्या घरी पण एक आहे साहेब."

हवालदाराने पहिली बँक उघडली. त्याचं ते काम आहे. तुम्ही घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, लिथियमचा सेल टोचला गेला तर पेट घेतो. आत चार गोल सेल होते, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे. मोजलेल्या आकड्यावरून उलट हिशेब केला तर प्रत्येक सेल एकोणीसशे एमएएचच्या आसपासचा, चौघांचे मिळून साडेसात हजार. तीस हजारांच्या जागी साडेसात. इथे मात्र पदार्थविज्ञानाचा कर नव्हता, सरळ चोरी होती.

मीटर नसेल त्यांनी काय करायचं? स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे साधारण अडीचशे वॅट-तास मावतात. त्याहून फार जास्त बाजारू पॉवर बँकेत मावत नाहीत. तीस हजार एमएएच म्हणजे १११ वॅट-तास, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास हवं. वरचं कवच आणि सर्किट वेगळं. आमच्या पहिल्या बँकेचं एकूण वजन भरलं २४० ग्रॅम. दुसरीचं, वीस हजारांचीचं, ४०५. लहान आकडावाली जवळजवळ पावणेदोन पट जड, यातच सगळं आलं. उलट मात्र खरं मानू नका. जड आहे म्हणून चांगली असं नाही, कारण आत वाळू किंवा लोखंडाची पट्टी भरलेल्या बँकाही बाजारात सापडल्या आहेत. वजन खोट्याला पकडतं, खऱ्याची हमी देत नाही. तसंच मागे बीआयएसचा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो जरूर बघा, पण तो सुरक्षिततेसाठी आहे. आत किती वीज आहे याबद्दल तो काही सांगत नाही.

आणखी एक गळती राहिली, ती फोनची. पाच हजारांच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास असतात, पण त्या भरताना फोनही गरम होतो. बँकेच्या भोकातून सुमारे २२ वॅट-तास ओढल्यावर तो शून्यापासून शंभरावर जातो, चालू ठेवला तर आणखी जास्त. या २२ ने भागा. दुसरी बँक फोन जवळजवळ तीन वेळा भरते, तिसरी एकदा आणि वर थोडं. पहिली एकदाच, कशीबशी. आजऱ्याच्या पोराने दोघांना अर्धं-पाऊण दिलं आणि स्वतःला बत्तीस टक्के उरले. हिशेब तंतोतंत जुळला.

या बाबतीत एक सूचना. जलद चार्जिंगची केबल लावून कुणी मीटरवर एमएएच वाचत असेल तर घाबरायला होतं. तेव्हा ५ च्या जागी ९ व्होल्ट चालू असतात, म्हणून त्याच ६४ वॅट-तासांचे एमएएच सातच हजार दिसतात. बँक लुटली गेलेली नसते. म्हणूनच मीटरवर Wh वाचायचे, दाब कोणताही असो, ते खोटं बोलत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग २८ रुपयेवाली दुसरी घेतली, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. सुभेदार साहेबांनी अडवलं. "साहेब, ही भरायला किती वेळ लागतो? जनरेटर तीनच तास."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. वीस हजारांची बँक १८ वॅटने भरते. तीन तासांत आत जातील ५४ वॅट-तास, त्यातले सात-आठ भरतानाच उबेत जातील. उरलेल्यातून बाहेर निघतील चाळीसच्या आसपास. म्हणजे एका संध्याकाळच्या जनरेटरवर ती ६४ ची बँक प्रत्यक्षात ४० चीच. आणि चौकीवर तर जुने १० वॅटचे चार्जर पडले होते, त्यांच्यावर तर २२ च, एक फोन. मोठी टाकी घेतली पण नळ बारीक. शेवटी आम्ही दुसरीच घेतली, पण सोबत १८ वॅटचे चार्जरही घेतले, आणि चौकीला एकाच्या जागी दोन बँका दिल्या. एक वापरात, एक दोन संध्याकाळी मिळून पूर्ण भरलेली, राखीव. राखीव बँकेला हात लावायला चौकी कमांडरची परवानगी. तिच्यावर पांढऱ्या रंगाने मोठं लिहिलं, '३ फोन'. एमएएच नाही, वॅट-तास नाही. पोराला जे कळायला हवं तेच.

थंडीचा कर वेगळा. भरलेली एक बँक आम्ही रात्रभर बाहेरच्या पायरीवर ठेवली आणि तिथेच मोजली. ६४ च्या जागी ४५ मिळाले. हरवलेले १९ गेले नव्हते, गोठल्यासारखे अडकले होते. ऊब आल्यावर तीच बँक पुन्हा नेहमीसारखी चालली. म्हणून ती कोटाच्या आत किंवा स्लीपिंग बॅगमध्ये ठेवायची. आणि शून्याच्या खाली गारठलेली बँक लगेच चार्जिंगला लावायची नाही. त्याने आत लिथियमचा धातू साचतो आणि सेल कायमचा अधू होतो, धोकादायकही होतो. आधी खोलीत ठेवून कोमट होऊ द्यायची, मग लावायची.

त्या तीस हजारवालीची एक शेवटची गंमत. दुसरा एक जवान तसलीच बँक घेऊन सुट्टीवर निघाला. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. तपासणीत लेबल बघितलं, तीस हजार, म्हणजे १११ वॅट-तास. बँक तिथेच ठेवावी लागली. आत होते जेमतेम अठ्ठावीस. खोटा आकडा चौकीवर कमी पडला आणि विमानतळावर जास्त झाला.

आजऱ्याचा पोरगा पुढे त्याच चौकीचा पॉवर बँकांचा हिशेब ठेवू लागला. मी भेटीला गेलो तेव्हा भिंतीवर खडूने लिहिलेली यादी होती, कोणी किती टक्के घेतले त्याची. स्वतःच्या नावापुढे त्याने शून्य लिहिलं होतं. मी विचारलं, "तू घरी बोलत नाहीस काय रे?"

"बोलतो की साहेब. जनरेटरवर भरून घेतो. बँकेतलं ज्याच्या घरी अडचण असेल त्याला." आणि मग थोडं थांबून म्हणाला, "आता किती आहे ते माहीत असतं ना, म्हणून देता येतं."